पाच महिने मी रोज रात्री "का?" लिहीत बसले होते

प्रश्न: "चार वर्षांचं नातं मार्चमध्ये संपलं. राग संपला असं वाटतं आणि पुन्हा रडू येतं, म्हणजे मी मागच्या पायरीवर गेले का? रोज रात्री डायरी लिहिते, तरी सुटका नाही. मला स्वतःला काय आवडतं तेच आता कळत नाही."

डायरीचं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. सहा वर्षांपूर्वी बडोद्यातच यातून गेले आहे, तेवढ्या हक्कानं सांगते. नंबर, फोटो, स्टेटस यांचं काय करायचं ते तुला माहीत असेलच, त्यात शिरत नाही.

आधी पायऱ्यांचं. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार ही दुःखाच्या पाच पायऱ्यांची यादी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडली ती मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. प्रेमभंगाचं वेळापत्रक म्हणून नव्हे. त्यामुळे राग संपल्यावर रडू आलं तर तू कुठेही मागे गेलेली नाहीस.

हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही. मी ज्या समुपदेशन केंद्रात जायचे तिथे दर वेळी पाच चौकोनांचा कागद पुढे यायचा, "आज तुम्ही कुठे आहात?" आणि घरचा अभ्यास एकच: रोज रात्री लिहा, हे का झालं. मी पाच महिने लिहिलं. दीड-दीड तास. प्रत्येक रात्री नवं कारण सापडायचं, सकाळी ते खोटं वाटायचं. झोप लागत नाही म्हणून सांगितलं, तर उत्तर मिळालं, अजून खोल जा. त्या पाच महिन्यांचा राग मला आजही येतो.

खूप नंतर कळलं की याचा अभ्यास झाला आहे. डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेले ९० जण घेतले. काहींना मनातलं लिहायला सांगितलं, काहींना फक्त दिवस कसा गेला तेवढंच, भावना न आणता. ज्यांचं मन आधीच "का, का" करत घटनेचा अर्थ शोधत होतं, त्यांना काही महिन्यांनी साध्या नोंदींनीच जास्त बरं वाटत होतं. ती लग्नाची नाती होती आणि सगळ्यांना हे लागू नाही. लिहून उठल्यावर तुला हलकं वाटत असेल तर खुशाल लिही. पण तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिते आहेस आणि छाती जड आहे, तर वही मिट.

मी मग असं लिहायला लागले: "७:१० चहा. ऑफिस. येताना खंडेराव मार्केटातून मेथी, लिंबं. आईला फोन. कमाटीबागेत एक फेरी." पाच ओळी, बस. तीन आठवड्यांनी मागचं वाचलं आणि प्रत्येक गोष्टीपुढे खूण केली: माझी आधीपासूनची, त्याच्यामुळे आली पण आता माझी, की फक्त त्याच्यासाठी केलेली.

तिखट तरीची सेव उसळ त्यानं शिकवली, पण मी एकटी जाऊन खात होते, म्हणजे ती माझी झाली. रात्री जागून मॅच बघणं फक्त त्याच्यासाठी होतं, ते सोडलं आणि चुटपुटसुद्धा लागली नाही. आणि एक गोष्ट नोंदीत कुठेच नव्हती. सूरसागरच्या काठावर रविवारी स्केचिंग. दुसऱ्या वर्षापासून रविवार त्याच्या मित्रांचे झाले आणि मी ते सोडल्याचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तुला "काय आवडतं तेच कळत नाही" ते याचमुळे, असं माझं मत. बरीच वर्षं चाललेल्या नात्यात दोघांच्या आवडी एकमेकांत मिसळतात, आणि माणूस गेला की आपला कुठला भाग त्याच्याबरोबर गेला तेच उमगत नाही. आठवून सापडत नाही, करून बघितल्यावर सापडतं. पहिले तीन रविवार माझ्या रेषा थरथरत होत्या. चौथ्या रविवारी अंधार पडेपर्यंत बसले.

नवरात्रीत तू ढासळशील, आत्ताच सांगून ठेवते. मीही तिसऱ्या रात्री गरब्याच्या गेटवर ढोल ऐकून रडले. पण वीस मिनिटं. सुरुवातीला अख्खी संध्याकाळ जायची. लाट आली की नाही ते बघू नकोस, किती वेळ टिकली आणि दुसऱ्या सकाळी जेवलीस-झोपलीस का ते बघ. नोंदीत ते आपोआप दिसतं.

दोन आठवडे सलग झोप-जेवण उडालं असेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर वही-बिही सोड आणि डॉक्टरकडे जा, किंवा लगेच १४४१६ वर, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर. फुकट आहे, रात्रीही लागतो.

स्केचिंगला सोबत हवी असेल तर रविवारी सहाला मी अजूनही सूरसागरला असते.