षट्चक्रे की सप्तचक्रे?

प्रश्न : योगाच्या वर्गात आम्हाला 'सप्तचक्रे' शिकवली. घरातल्या जुन्या पुस्तकात मात्र सगळीकडे 'षट्चक्र' असा शब्द आहे. सहा बरोबर की सात? आणि याला चक्र म्हणायचं तर चित्रात कमळं का काढतात?

उत्तर : पुस्तकाची बाजू जुनी आहे. वर्गाचीही अगदीच चूक नाही, पण सातवं ते सहाव्याच्या पुढचं सातवं नव्हे. हे समजायला दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केलेली बरी.

संस्कृतात चक्र म्हणजे चाक. प्राकृतात त्याचं 'चक्क' झालं आणि तिथून आपलं चाक आलं. पण तंत्रग्रंथांत हा शब्द फक्त फिरणाऱ्या वस्तूसाठी येत नाही. एका केंद्राभोवती गोलात मांडलेल्या देवता, त्यांचं मंडळ, यालाही चक्र म्हणतात. 'श्रीचक्र' फिरत नाही, तरी ते चक्रच. शरीरातली चक्रं या दुसऱ्या अर्थाची आहेत. मधे एक बीजाक्षर आणि एक देवता, भोवती पाकळ्या, प्रत्येक पाकळीवर एक अक्षर. साधकाने शरीरात त्या त्या जागी ही मांडणी मनाने करायची. त्यामुळे चाक आणि कमळ यांत भांडण नाही. गोल मांडणीला नाव चाकाचं मिळालं आणि चित्र कमळाचं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. हे ग्रंथ बहुतेक वेळा 'इथे असं ध्यान कर' असं सांगतात. 'शरीर कापलं तर इथे हे दिसेल' असं नाही. म्हणून वेगवेगळ्या परंपरांत चक्रांची संख्या वेगवेगळी असली तरी कुणाला फारशी अडचण वाटली नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत एका सूत्रात 'नाभिचक्र' येतं, त्यावर संयम, म्हणजे एकाग्र ध्यान केलं की शरीराच्या रचनेचं ज्ञान होतं म्हणून. तिथे चक्रांची माळ नाही. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चार चक्रं आहेत : नाभीत ६४ पाकळ्यांचं, हृदयात ८, कंठात १६ आणि मस्तकात ३२. नाथपंथातल्या सिद्धसिद्धान्तपद्धतीत नऊ आहेत. काश्मीरकडे मान्यता पावलेल्या नेत्रतंत्रात सहा आहेत, पण त्यांची नावं तुम्ही शिकलात त्यांपैकी एकही नाही.

तुम्हाला माहीत असलेली मूलाधार, स्वाधिष्ठान, मणिपूर, अनाहत, विशुद्ध, आज्ञा ही सहाची साखळी साधारण दहाव्या-अकराव्या शतकातल्या कुब्जिकामततंत्रात दिसते. ही कुब्जिका देवीच्या उपासकांची परंपरा. तिथून ती हठयोग्यांकडे आणि नाथांकडे गेली, आणि हळूहळू बाकीच्या पद्धती मागे पडल्या. या सहांचं आज सर्वांत प्रसिद्ध वर्णन बंगालमधल्या पूर्णानंद यतींचं आहे. त्यांनी शके १४९९ मध्ये, म्हणजे इसवी १५७७ मध्ये श्रीतत्त्वचिन्तामणि नावाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं सहावं प्रकरण म्हणजे 'षट्चक्रनिरूपण'. नावातच षट् आहे, सप्त नाही. आणि तरीही त्यात सहस्रार, म्हणजे तुमच्या वर्गातलं सातवं, मस्तकातलं हजार पाकळ्यांचं कमळ आहे, भरपूर श्लोक खर्चून वर्णिलेलं आहे.

मग ते मोजलं का नाही? इथे एक छोटा हिशेब करून बघा, मला तो फार आवडतो. सहा कमळांच्या पाकळ्या खालून वर अशा आहेत : ४, ६, १०, १२, १६ आणि २. बेरीज ५०. संस्कृत मुळाक्षरंही ५० धरली आहेत. आता ती पाकळ्यांवर कशी बसवली आहेत ते पाहा. सुरुवात कंठातून होते. विशुद्धाच्या १६ पाकळ्यांवर १६ स्वर, अ पासून अः पर्यंत (ऋ, ॠ, ऌ, ॡ सगळे धरून). तिथून खाली हृदयात उतरलं की अनाहताच्या १२ पाकळ्यांवर क पासून ठ पर्यंत. नाभीपाशी मणिपुराच्या १० पाकळ्यांवर ड पासून फ. त्याखाली स्वाधिष्ठानाच्या ६ पाकळ्यांवर ब भ म य र ल. अगदी तळाशी मूलाधाराच्या ४ पाकळ्यांवर व श ष स. उरली दोन, ह आणि क्ष. ती भुवयांच्या मधे, आज्ञेच्या दोन पाकळ्यांवर. संपली.

शाळेत पाठ केलेली मुळाक्षरं गळ्यापासून खाली ओळीने वाचत जावीत तशी ही मांडणी आहे. (ळ कुठे गेला म्हणून आपण मराठी माणसं लगेच हळहळतो, या ५० मध्ये तो नाही.) आता सातव्या कमळासाठी अक्षर शिल्लक आहे का? नाही. सहस्राराच्या पाकळ्यांवर अ पासूनची सगळीच अक्षरं पुन्हा येतात, आणि ५० अक्षरांची २० आवर्तनं केली की १००० भरतात, अशी त्याची पारंपरिक फोड आहे. म्हणजे सहा चक्रांनी वर्णमाला वाटून घेतली आहे, आणि सहस्राराकडे ती अख्खी आहे. ते रांगेतलं पुढचं ठाणं नाही, जिथे रांग संपते ती जागा आहे.

क्रियापदही हेच सांगतं. जुना शब्द 'षट्चक्रभेदन'. मूलाधारात सापासारखं वेटोळं घालून झोपलेली कुंडलिनी ही शक्ती जागी होते आणि सहा चक्रं भेदत वर जाते. सहस्रार ती भेदत नाही. तिथे ती शिवाला मिळते. भेदायची सहा आणि पोचायचं एका ठिकाणी, म्हणून मोजताना सहा. वाटेत एकेक तत्त्व पुढच्यात लीन करत जायचं असतं. मूलाधारात पृथ्वी, मग जल, अग्नी, वायू, आकाश, आणि आज्ञेपाशी मन. सहस्राराला वाटून द्यायला वेगळं तत्त्वच उरत नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० च्या ज्ञानेश्वरीत, सहाव्या अध्यायात, हीच कुंडलिनी कुंकवात न्हालेल्या नागाच्या पिलासारखी उभी केली आहे. तिथेही सात चक्रांची यादी शोधायला गेलात तर हाती लागणार नाही.

सात हा आकडा रुळला तो बराचसा विसाव्या शतकात. कलकत्ता उच्च न्यायालयातले न्यायाधीश जॉन वुड्रफ यांनी आर्थर अॅव्हलॉन या नावाने षट्चक्रनिरूपणाचं इंग्रजी भाषांतर १९१९ मध्ये 'द सर्पंट पॉवर' या पुस्तकात छापलं. अनेक पद्धतींतली ही एक होती, पण इंग्रजीत सविस्तर तीच पोचली, त्यामुळे बाहेरच्या जगाला तीच एकमेव वाटली. इंग्रजी वाचकाला सहा कमळं आणि वर एक मोठं कमळ दिसलं आणि त्याने सरळ सात मोजली. पुढे थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांचं चक्रांवरचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. त्यातही केंद्रं सातच, पण स्वाधिष्ठानाच्या जागी त्यांनी प्लीहेजवळचं केंद्र घेतलं. आकडा टिकला, यादी बदलली! चक्रांची अंतःस्रावी ग्रंथींशी जोडी लावणं हेही याच काळातलं. पूर्णानंदांकडे त्याचा मागमूस नाही.

आणि रंग. मी एका शिबिरात भिंतीवर मोठं चित्र पाहिलं होतं. खाली तांबडा, मग नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. शिकवणाऱ्या बाईंनी 'हे हजारो वर्षांपूर्वीचं ज्ञान' म्हणून सांगितलं. मी घरी येऊन षट्चक्रनिरूपण उघडलं. मणिपूर चित्रात पिवळं होतं. ग्रंथात ते कमळ पाणी भरलेल्या ढगासारखं काळसर आहे आणि त्यातला अग्नीचा त्रिकोण उगवत्या सूर्यासारखा लाल. अनाहत चित्रात हिरवं. ग्रंथात ते बंधूक फुलाच्या रंगाचं आहे. बंधूक म्हणजे आपली दुपारी, लालभडक. विशुद्ध धुरकट जांभळं, आज्ञा चंद्रासारखी पांढरी. जुळली ती फक्त खालची दोन, तीही ढोबळमानाने. इंद्रधनुष्याचे सात रंग क्रमाने लावायचे तर चक्रंही सातच हवीत, त्यामुळे या चित्राने सातचा आकडा आणखी पक्का केला. ही रंगपट्टी पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकात पसरली. ध्यानाला एखाद्याला तिचा उपयोग होत असेल तर होवो, मात्र तिला प्राचीन म्हणू नये.

आता शब्दांबद्दल. 'षट्चक्र' हा द्विगू समास, सहा चक्रांचा समूह, म्हणून एकवचनीही चालतो : षट्चक्र, पंचपाळं, नवरात्र. 'सप्तचक्र' व्याकरणाने निर्दोष आहे, वापरायला हरकत नाही. मात्र जुन्या ग्रंथाबद्दल किंवा नाथ-संतांबद्दल लिहिताना षट्चक्रच लिहावं, आणि सातवं सांगायचं असेल तर 'षट्चक्रे आणि सहस्रार' म्हणावं. चक्र नपुंसकलिंगी आहे, ते चक्र, ती चक्रे; इंग्रजीतून उलट आलेलं 'चक्रा' मराठीत कशाला? मणिपूरमधला पू दीर्घ, पण विभक्ती लागली की मणिपुरात.

आणि सहस्रार. अनेक ठिकाणी 'सहस्त्रार' छापलेलं दिसतं, तिथला त उपरा आहे. शब्दाची फोड सहस्र अधिक अर अशी. अर म्हणजे चाकाचा आरा, बैलगाडीच्या चाकाला असतो तोच. गंमत बघा : ज्यांना आपण बिनदिक्कत चक्रं म्हणतो त्या सहांच्या नावांत चाकाचं काहीच नाही. आणि जे परंपरेने चक्रांत मोजलंच नाही, त्याच्या नावात मात्र हजार आऱ्यांचं चाक आहे.