रिक्रूटरला पाठवायच्या मेलमधला मधला परिच्छेद

कॉर्पोरेट ट्रेनरच्या नोकरीसाठी रिक्रूटरला लिहिलेल्या मेलचा तुमचा मसुदा वाचला. ‘मला अध्यापनाची आवड आहे, बारा वर्षं विज्ञान शिकवते’ इथपर्यंत ठीक, पण पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की तुम्ही मुलांना शिकवता. त्याला हवा असतो मोठ्यांना शिकवणारा माणूस.

तो अनुभव तुमच्याकडे आहे, फक्त तुम्ही तो शेवटच्या ओळीत ढकललाय. लॉकडाऊनमध्ये शाळेतल्या बावीस शिक्षकांना ऑनलाइन तास घ्यायला तुम्हीच शिकवलंत ना? मग मधला परिच्छेद असा करा: ‘२०२० मध्ये २२ सहकाऱ्यांना कुठे अडचण येते ते आधी विचारून घेतलं, त्यावरून एक-एक तासाची चार सत्रं आखली आणि घेतली. महिन्याभराने १९ जण कुणाच्या मदतीशिवाय तास घेत होते.’ गरज ओळखणं, आखणी, सत्र, मग फरक पडला का ते पाहणं. कॉर्पोरेट ट्रेनरचं कामही याच क्रमाने चालतं. आकडे मात्र खरेच लिहा, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. दहावीच्या निकालाची टक्केवारी काढून टाका (मीही ती अभिमानाने लिहिली होती, कुणी विचारलंसुद्धा नाही).

विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि ‘पुणे’ लिहा. नोटीस पिरियड स्पष्ट सांगा. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत शाळा सोडणार नसाल तर ‘मे महिन्यापासून रुजू होऊ शकते’ असं आत्ताच लिहून टाका. पगाराचा आकडा त्यांनी विचारल्यावरच.