स्क्रीनशॉटमधले ३,५०० ऑप्शन आणि हातात येणारे २,९००

प्रश्न: कंपनीच्या शेअर पोर्टलचा स्क्रीनशॉट २० एप्रिल २०२५ ला काढलाय. त्यात असं दिसतं: Granted ४,८००, Grant date २२/०६/२०२२, Vesting start ०४/०५/२०२२, एक वर्ष झालं की २५ टक्के आणि पुढे तीन वर्षं दर महिन्याला सारखे, Vested ३,५००, Exercised ६००, Exercise price १५, FMV ५२, Potential gain १,५५,४००. आत्ता जेवढे मिळतात तेवढे सगळे घ्यायचे तर ३,५०० × १५ = ५२,५०० भरायचे आणि १,५५,४०० वर कर, बरोबर ना?

उत्तर:

दोन्ही आकडे चुकलेत. भरायचे ४३,५०० आणि करपात्र लाभ १,०७,३००, तोही शेअरचा भाव ५२ च राहिला तर. चलन तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मीही नुसते आकडेच वापरतो. ऑप्शन म्हणजे कंपनीचा शेअर ठरलेल्या भावात, इथे १५ ला, घेण्याचा हक्क. तो हक्क वापरण्याजोगा झाला की ऑप्शन व्हेस्ट झाला, पैसे भरून शेअर घेतला की एक्सरसाइज झाला, आणि FMV म्हणजे शेअरचा सध्याचा धरलेला बाजारभाव.

मी काही वर्षं पगारपत्रकांच्या कामात होतो आणि असे स्क्रीनशॉट घेऊन येणारे बरेच जण पाहिलेत. गडबड बहुतेक वेळा गुणाकारात नसते. रकान्याचं नाव वाचून त्यात काय मोजलंय हे आपण मनानेच ठरवतो, तिथे ती होते. म्हणून Vested चा आकडा मी कधी तसाच उचलत नाही. आधी वेळापत्रकावरून स्वतः काढतो आणि मग पोर्टलच्या आकड्याशी ताडून बघतो.

त्यासाठी पहिला प्रश्न तारखेचा. ०४/०५/२०२२ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल? ही किरकोळ शंका नाही. ५ एप्रिल धरला तर २० एप्रिल २०२५ पर्यंत ३६ महिने पूर्ण होतात, ४ मे धरला तर ३५. तुमच्या ग्रँटमध्ये एका महिन्याचे १०० ऑप्शन आहेत, म्हणजे तेवढ्याचा फरक. सुदैवाने त्याच स्क्रीनवर २२/०६/२०२२ आहे. बाविसावा महिना नसतो, त्यामुळे हे पोर्टल दिवस आधी लिहितं हे सिद्ध झालं. शंका आली की त्याच स्क्रीनवर बारापेक्षा मोठा दिवस असलेली तारीख शोधायची, दुसऱ्या स्क्रीनवरची नाही. एकाच पोर्टलमध्ये दोन पद्धती मी पाहिल्या आहेत.

आणि मोजायला सुरुवात Vesting start पासून करायची, Grant date पासून नाही. ग्रँटची तारीख ही मंजुरीची तारीख असते. घड्याळ बरेचदा रुजू झाल्याच्या दिवसापासून चालू होतं. तुम्ही २२ जूनपासून मोजलं असतं तर ३३ महिनेच भरले असते.

तर ४ मे २०२३ ला पहिलं वर्ष पूर्ण झालं आणि ४,८०० चे २५ टक्के, म्हणजे १,२०० ऑप्शन एकदम व्हेस्ट झाले. उरलेले ३,६०० पुढच्या ३६ महिन्यांत, दरमहा १००. ४ मे २०२३ पासून ४ एप्रिल २०२५ पर्यंत २३ महिने, म्हणजे २,३००. एकूण ३,५००. पोर्टलही तेच म्हणतंय.

हा आकडा जुळला ही आनंदाची गोष्ट वाटते, पण त्यातून खरं कळतं ते वेगळंच. वेळापत्रकाप्रमाणे सुरुवातीपासून आजवर व्हेस्ट झालेले ३,५०० आणि रकान्यातही ३,५००, म्हणजे तुम्ही पूर्वी घेतलेले ६०० त्यातून वजा केलेले नाहीत. वजा केले असते तर तिथे २,९०० दिसले असते. काही पोर्टल तसंच दाखवतात, आणि मग त्यातून पुन्हा ६०० वजा करणारेही भेटतात. म्हणून स्वतः मोजल्याशिवाय वजाबाकी करायची की नाही हे कळत नाही.

आता Potential gain. एका ऑप्शनमागे फरक ५२ − १५ = ३७. १,५५,४०० ला ३७ ने भागा, ४,२०० येतात. हा आकडा ओळखीचा आहे: ४,८०० मधून घेतलेले ६०० वजा. म्हणजे पोर्टलने अजून व्हेस्ट न झालेले १,३०० ही त्यात धरलेत. तो आकडा तुम्हाला नोकरीत टिकवायला आहे, करासाठी नाही. असा कुठलाही मोठा आकडा दिसला की दर ऑप्शनच्या फरकाने भागून बघा. किती ऑप्शनवर तो बेतलाय हे लगेच उघड होतं.

```
घेता येणारे ऑप्शन = ३,५०० − ६०० = २,९००
भरायची रक्कम = २,९०० × १५ = ४३,५००
करपात्र लाभ = २,९०० × (५२ − १५) = १,०७,३००
```

बहुतेक देशांत हा लाभ पगारासारखा धरला जातो आणि तो ठरतो एक्सरसाइजच्या दिवशी. ऑप्शन व्हेस्ट झाले म्हणून कर लागत नाही, आणि ग्रँटच्या दिवशीचा भाव इथे कामाचा नाही. अपवाद आहेत: अमेरिकेत आयएसओ प्रकारच्या ऑप्शनवर एक्सरसाइजच्या वेळी नेहमीचा आयकर लागत नाही, पण तो फरक तिथल्या पर्यायी किमान कराच्या हिशोबात येतो. तुमची योजना कुठल्या प्रकारात बसते हे ग्रँटच्या पत्रात लिहिलेलं असतं, स्क्रीनशॉटमध्ये सहसा नसतं.

लोक अडकतात ते रोख रकमेत. समजा तुमचा कर ३० टक्के दराने कापला जाणार आहे. १,०७,३०० चे ३० टक्के ३२,१९०. म्हणजे ४३,५०० घेऊन गेलात तर पुरणार नाहीत, ७५,६९० हवेत. कंपनी शेअर बाजारात असेल तर काही शेअर लगेच विकून हे भागवता येतं. नसेल तर विकायला गिऱ्हाईक नाही आणि कर मात्र खरा, खिशातून. अशा वेळी सगळे न घेता १,००० घेतले तर १५,००० भरायचे, लाभ ३७,००० आणि त्याच दराने कर ११,१००. मी तुमच्या जागी असतो तर हा हिशोब दोन-तीन आकड्यांवर करून बघितला असता.

FMV ५२ च्या शेजारी तारीख आहे का तेही बघा. खासगी कंपनीत हा भाव मूल्यांकनातून येतो आणि स्क्रीनवर जुना रेंगाळत राहतो. तुम्ही अर्ज भरेपर्यंत नवं मूल्यांकन ५८ चं आलं, तर भरायची रक्कम तीच राहील, पण लाभ २,९०० × ४३ म्हणजे १,२४,७०० होईल आणि ३० टक्क्यांनी कर ५,२२० ने वाढेल. तेव्हा अर्जाआधी कंपनीच्या फायनान्सला एकच विचारा: एक्सरसाइजच्या दिवसासाठी कुठल्या तारखेचं मूल्यांकन धरणार? उत्तर लेखी घ्या.

तो कागद पुढेही लागेल. ज्या ५२ वर आज पगार म्हणून कर भरलात, पुढे शेअर विकताना तीच तुमची खरेदी किंमत धरली जाते, १५ नाही. उद्या ७० ला विकलेत तर नफा शेअरमागे १८. विक्रीच्या अहवालात खरेदीच्या रकान्यात १५ छापलेला असेल आणि तोच उचललात, तर शेअरमागे त्या ३७ वर दुसऱ्यांदा कर भराल. आधी घेतलेल्या त्या ६०० शेअरचे कागदही याच कारणासाठी आत्ताच शोधून ठेवा. त्यांची खरेदी किंमत ५२ नाही, ते घेतले त्या दिवशीचा भाव.