गुण ४१ आले, पण नंबर कुणाकडे गेला?

“नमस्कार मॅडम, माझा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा निघालीय. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून एका फुकटच्या वेबसाइटवर रेझ्युमे टाकला, तर १०० पैकी ४१ गुण आले. चार दिवसांपासून नोकरीच्या नावानं रोज फोन येतायत. एकानं तर पप्पांचं नाव घेऊन बोलायला सुरुवात केली आणि रजिस्ट्रेशनचे १,५०० रुपये मागितले. भरू का? आणि ४१ म्हणजे मी त्या जागेच्या लायक नाही का? रेझ्युमे सोबत जोडलाय.”
— एक विद्यार्थिनी, ता. औसा, जि. लातूर

पैसे भरू नकोस. मुलाखतीच्या आधी रजिस्ट्रेशन, गेटपास, युनिफॉर्म अशा कुठल्याही नावाखाली पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो. पुन्हा फोन आला तर ओटीपी सांगू नकोस, मोबाइलची स्क्रीन शेअर करू नकोस. तो नंबर sancharsaathi.gov.in वरच्या ‘चक्षू’ विभागात कळव. घरातल्या कुणी आधीच पैसे पाठवले असतील, तर वाट न बघता लगेच १९३० ला फोन करा.

पप्पांचं नाव त्याला कसं कळलं, याचं उत्तर तुझ्या रेझ्युमेतच आहे. त्यात तुझा आणि पप्पांचा मोबाइल, घर क्रमांकासकट मु. पो. पत्ता, जन्मतारीख, वडिलांचं पूर्ण नाव, फोटो, खाली सहीचं चित्र, आणि ‘रेफरन्स’ म्हणून कॉलेजच्या दोन सरांचे नंबर आहेत. हे सगळं एका कागदावर मिळालं की फोन करणाऱ्याला घरच्या माणसासारखं बोलता येतं. माहिती त्याच वेबसाइटवरून गेली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण तू रेझ्युमे आणखीही ठिकाणी दिला असशील. पण फुकटच्या तपासणीत फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते आणि पुढं ती किती दिवस राहते, कुणाला दिली जाते, हे आपल्या हातात उरत नाही. त्यांच्या संपर्काच्या मेलवर ‘माझी फाइल आणि खातं काढून टाका’ असं लिही. मात्र पुढं गेलेली प्रत त्यानं परत येणार नाही. मलाही तू तोच रेझ्युमे पाठवलास. वाचून झाल्यावर मी तो मेलमधून काढून टाकला आहे.

आता त्या ४१ बद्दल. वाळूजची कंपनी हा आकडा बघत नाही. कंपन्यांकडं अर्ज लावून ठेवणारी सॉफ्टवेअर असतात, पण ती वेगवेगळी असतात, आणि ही वेबसाइट स्वतःच्या हिशोबानं गुण देते. बहुतेक वेळा ती फाइलमधला मजकूर उचलते आणि जाहिरातीतले शब्द त्यात शोधते. शब्द सापडला नाही की गुण कापते, मग ते काम तू शंभर वेळा केलेलं असलं तरी.

तुझ्या बाबतीत नेमकं काय झालं ते घरीच बघता येईल. रेझ्युमेची पीडीएफ उघड, Ctrl+A, मग Ctrl+C कर, आणि Notepad उघडून Ctrl+V कर. मी हे करून पाहिलं. तुझा साचा दोन रकान्यांचा आहे, त्यामुळं डावीकडचा पत्ता आणि उजवीकडचं ट्रेनिंग एकाच ओळीत मिसळून आलं. माणसाला छान दिसणारा कागद मशीनला असा काला करून मिळतो. एका रकान्याचा साधा साचा घे आणि पुन्हा हीच तपासणी कर. मजकूर वरपासून खालपर्यंत सरळ आला, की झालं.

हीच तपासणी आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. मागं एक मुलगा माझ्याकडं आला होता. त्यानं मोबाइल नंबरवर काळी पट्टी ओढून रेझ्युमे वेबसाइटवर टाकला होता. मजकूर Notepad मध्ये चिकटवला, तर दहाच्या दहा आकडे समोर. पट्टी नुसती वरून बसते, खालचा मजकूर तसाच राहतो. नंबर झाकायचा नसतो, मूळ फाइलमधून खोडायचा असतो आणि मग नवी पीडीएफ काढायची असते.

जागेला तू बसतेस की नाही, ते वहीत तपास. डाव्या बाजूला जाहिरातीतली एकेक मागणी, उजव्या बाजूला ‘हे मी कुठं केलं’. तू पाठवलेल्या जाहिरातीत सहा गोष्टी ‘आवश्यक’ आहेत. व्हर्निअर-मायक्रोमीटर: प्रॅक्टिकलला आणि सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगमध्ये रोज. ड्रॉइंग वाचणं: केलंस. एक्सेल: ट्रेनिंगमधल्या नोंदी त्यातच ठेवल्यास. तिन्ही शिफ्ट: तयारी आहे. सेव्हन क्यूसी टूल्स: शिकलीस, पण प्रत्यक्षात प्रोजेक्टमध्ये फक्त पॅरेटो चार्ट काढलास, म्हणजे अर्धं. पीपीएपी: नुसतं ऐकलंस. एक वर्षाचा अनुभव ‘असल्यास प्राधान्य’ या खाली आहे, ती अट नाही. म्हणजे चार पक्क्या, एक अर्धी, एक नाही. माझ्या मते इतक्यावर अर्ज करायलाच हवा. पुरवठादार नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेताना जी कागदपत्रं देतो, ती पद्धत म्हणजे पीपीएपी. मुलाखतीआधी तेवढं एखाद्या सीनियरकडून समजून घे.

आणि गंमत नाही, खरंच बघ: तुझ्या रेझ्युमेत व्हर्निअर हा शब्दच नाही! ‘मेजरिंग इन्स्ट्रुमेंट्सची माहिती’ एवढंच आहे. शोधणाऱ्याला सापडणार काय? ‘व्हर्निअर (०.०२ मिमी) आणि मायक्रोमीटरनं (०.०१ मिमी) शाफ्टचे व्यास मोजून तपासणी पत्रकात नोंदवले’ असं लिही. हे तू केलंयस, म्हणून लिहायचं. पीपीएपी केलेलं नाही, तर गुण वाढवायला तो शब्द घुसडू नकोस. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. लिहून झालं की वाळूजला लागलेल्या तुझ्या एखाद्या सीनियरला किंवा कॉलेजच्या टीपीओ सरांना दाखव.

एवढं करूनही एखाद्या वेबसाइटवर बघायचंच असेल, तर फाइल चढवू नकोस. फाइलच्या नावात आणि तिच्या प्रॉपर्टीजमध्येही तुझं नाव असू शकतं. मजकूर चिकटवायची सोय असेल तिथं फक्त कौशल्यं, ट्रेनिंग आणि प्रोजेक्टच्या ओळी टाक. कॉलेजचं आणि गावाचं नावही काढ, कारण प्रोजेक्टचा विषय आणि गाव एकत्र आलं की माणूस ओळखू येतो. ईमेल मागितला तर जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधी +score जोडून दे, म्हणजे `tujhapatta+score@gmail.com` असा. मेल तुझ्याच खात्यात येतील, आणि उद्या त्या पत्त्यावर भलत्याच कुणाची नोकरीची जाहिरात आली, तर पत्ता कुठून गेला ते तुला कळेल.

कंपनीला पाठवायची प्रत वेगळी ठेव. तिच्यात नाव, तुझा एकच मोबाइल, ईमेल आणि ‘जि. लातूर, वाळूजला राहण्याची तयारी’ इतकंच पुरे. घराचा पत्ता, जन्मतारीख, सही हे सगळं रुजू होताना फॉर्मवर भरायचं असतं. अर्जही कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच कर.

आणि आज संध्याकाळी एक फोन कर. ज्या दोन सरांचे नंबर रेफरन्समध्ये दिले होतेस, त्यांना काय झालंय ते सांग, कारण तुझं नाव घेऊन त्यांनाही कुणीतरी फोन करू शकतं. पुढच्या रेझ्युमेत त्यांना विचारल्याशिवाय नंबर घालू नकोस.