ओरडत नाही, तरी दडपण आहेच

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे, आम्ही डिचोलीचे. दहावीला 91 टक्के होते. पहिल्या युनिट टेस्टमध्ये फिजिक्सला 30 पैकी 11 मिळाले, तेव्हापासून गप्प असते. पुस्तक उघडं, पण पान तेच. परवा म्हणाली, "माझा कशालाच उपयोग नाही." तिच्या बाबांना ती डॉक्टर व्हायला हवी आहे, पण आम्ही कधी ओरडत नाही. मग हे कशामुळे? आणि डॉक्टरकडे न्यावं का?

ताई, शेवटचं आधी सांगते. आज रात्री तिला एकटीला गाठून सरळ विचारा, "जगूच नये असं कधी मनात येतं का?" विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती खोटी आहे, उलट विचारलं की त्यांना हायसं वाटतं. उत्तर "हो" आलं, किंवा ती नुसती रडू लागली, तर तिला एकटी ठेवू नका आणि बांबोळीच्या मनोरुग्णालयात घेऊन जा. रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर 14416 हा टेली-मानसचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

उत्तर "नाही" आलं तर पुढचं वाचा.

परीक्षेचं टेन्शन आणि नैराश्य बाहेरून सारखीच दिसतात. मी अकरावी-बारावीला शिकवत होते तेव्हा एक गोष्ट आधी बघायचे: पेपर संपल्यावर, सुट्टीत पोर हसतं-खेळतं का? टेन्शन असेल तर चवथीच्या सुट्टीत ते उतरतं. मूल गणपतीची माटोळी बांधायला पुढे येतं, चुलत भावंडांशी भांडतं. नैराश्यात चवथ आली काय नि गेली काय, त्याला काही फरक पडत नाही. दोन आठवडे रोज हेच, झोप आणि जेवण बिघडलेलं, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, असं असेल तर डॉक्टर गाठायचा. या वयात नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नाही, चिडण्यातून दिसतं. घरचे त्याला "आगाऊपणा वाढलाय" म्हणतात आणि सोडून देतात. जाताच आहात तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. मुलींमध्ये रक्त कमी असलं तरी असाच थकवा येतो.

आता "आम्ही ओरडत नाही" याबद्दल. यावर तुमचा विश्वास आहे आणि तो खराही असेल. पण दडपण काही फक्त आवाज चढवून येत नाही. मार्क चांगले पडले त्या दिवशी घरात काय होतं आणि वाईट पडले त्या दिवशी काय, एवढं आठवून बघा. एका दिवशी म्हापशाहून आइस्क्रीम येतं, आजीला फोन जातो. दुसऱ्या दिवशी कोणी काही बोलत नाही, बाबा टीव्हीसमोर बसतात, जेवण गुपचूप उरकतं. मुलीने यातून काय शिकायचं? की घरातली माया मार्कांबरोबर वरखाली होते. असोर, रॉथ आणि डेसी या अभ्यासकांनी 2004 साली नेमकं हेच तपासलं होतं. आईवडिलांची माया आपल्या यशावर अवलंबून आहे असं ज्यांना वाटत होतं, ती मुलं सांगितलेलं करत होती, पण आतल्या सक्तीने. यश मिळालं की समाधान थोडा वेळ टिकायचं, अपयशानंतर लाज वाटायची, आणि आईवडिलांबद्दल मनात राग साठायचा. "माझा कशालाच उपयोग नाही" हे वाक्य तिथून येतं. ती फिजिक्सबद्दल बोलत नाहीये, स्वतःच्या किमतीबद्दल बोलतेय.

त्यात अकरावीची आणखी एक गंमत आहे. दहावीच्या वर्गात ती पहिल्या दोन-तीनांत असेल. हायर सेकंडरीच्या सायन्सच्या वर्गात सगळ्या शाळांतली पहिली दोन-तीन मुलं एकत्र येतात. तिची बुद्धी तेवढीच राहते, नंबर मात्र खाली जातो. शिवाय फिजिक्समध्ये अचानक सदिश येतात, कलनाची भाषा येते. पहिल्या चाचणीत 11 मिळणं हे तिथे फार नेहमीचं आहे. पण हे तिला कोण सांगतं?

सत्तरीतल्या एका मुलाचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. वडिलांचा टिप्पर खाणीवर चालायचा. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि तो दारात उभा राहिला. त्या घरात मुलाच्या इंजिनिअरिंगला काय वजन असेल ते समजू शकता. मुलाला फिजिक्सला 30 पैकी 9 पडले आणि तो वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसला. अभ्यासाला बसायचा, पण पुस्तकाकडे बघितलं की वडिलांचा चेहरा आठवायचा, म्हणून मोबाइल घ्यायचा. मोबाइलमुळे अभ्यास राहायचा, त्यामुळे पुन्हा भीती. घरच्यांना दिसत होता फक्त मोबाइल.

आम्ही आधी उत्तरपत्रिका घेतली. 21 मार्क गेले होते, त्यातल्या 12 मार्कांच्या प्रश्नांना त्याने हातच लावला नव्हता. तेच प्रश्न तोंडी विचारले तर निम्म्याहून अधिक त्याला येत होते. विचारलं तेव्हा म्हणाला, "अर्धवट लिहिलं तर सर काय म्हणतील." म्हणजे त्या 12 मार्कांपुरतं तरी फिजिक्स कच्चं नव्हतं, लाज आडवी आली होती. त्याला नियम घालून दिला की प्रत्येक प्रश्नात निदान सूत्र, एकक आणि पहिली पायरी लिहायचीच. दुसरं, संध्याकाळचं भजन, जे वडिलांनी बंद केलं होतं, ते पुन्हा सुरू केलं. आधी बरं वाटेल मग बाहेर पडेल, अशी वाट बघायची नसते. आधी बाहेर पडायचं, मग हळूहळू बरं वाटतं.

वडिलांशी बोलणं अवघड गेलं. "अपेक्षा ठेवू नका" असं सांगितलं असतं तर ते उठून गेले असते. त्यांना एवढंच विचारलं, की तो इंजिनिअर नाही झाला तर तुम्हाला कसली भीती वाटते? मग टिप्परचं कर्ज, बंद पडलेलं उत्पन्न, सगळं मुलासमोर पहिल्यांदा बोलले. मुलाला तोवर वाटत होतं की बाबांना आपली लाज वाटते. कळलं की बाबा घाबरलेत. पुढच्या परीक्षेत त्याला 17 पडले. इंजिनिअरिंगला मात्र गेला नाही, बीएस्सी केलं. वडील वर्षभर कुरकुरत होते.

तुमच्याकडे काय करायचं? उत्तरपत्रिका शाळेतून मागून घ्या आणि ती मुलीबरोबर बघा, बाबांनी त्या वेळी सोबत नसलेलं बरं. सुटलेले, चुकलेले आणि न येणारे असे तीन गट करा. डॉक्टर व्हायचं की नाही हा वाद आत्ता मिटवायची गरज नाही, दिवाळीनंतरचा एखादा रविवार ठरवा आणि तोवर घरात "नीट" शब्द काढू नका. बायोलॉजी मात्र सध्या सोडू देऊ नका, कारण मेडिकलची वाट त्यावर अवलंबून आहे आणि उदास मनाने घेतलेला निर्णय तिला नंतर बदलावासा वाटेल. चवथीला पाहुणे "किती टक्के?" विचारतीलच. तेव्हा उत्तर तुम्ही द्या, तिच्यावर सोडू नका. आणि पुढच्या टेस्टचा निकाल काहीही लागो, त्या दिवशी बाबांनी तिला स्कूटरवरून क्लासला सोडायचं, रस्त्यात मार्कांचा विषय न काढता.

दोन आठवड्यांनी कशी आहे ते इथेच लिहा. झोप किंवा जेवण सुधारलेलं नसेल तर तेव्हा वाट बघत बसू नका, डॉक्टरची वेळ घ्या.