‘शिवाय’, ‘परिणामी’, ‘तथापि’ यांना बोलण्यातले पर्याय कोणते?

प्रश्न : माहितीपटाच्या निवेदनाची संहिता लिहिते आहे. वाचताना ‘शिवाय’, ‘परिणामी’, ‘तथापि’ अडखळतात. त्यांच्या जागी बोलण्यातले कोणते शब्द घालू?

शब्दाला शब्द बदलून भागत नाही. आधी दोन वाक्यांमधलं नातं ओळखायचं. लोणारवरचा हा मजकूर घ्या :

‘लोणार सरोवराचे पाणी खारट आहे. शिवाय, सरोवरातून पाणी बाहेर वाहून जात नाही. परिणामी, उन्हाळ्यात क्षारांचे प्रमाण वाढते. तथापि, जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले.’

‘शिवाय’ आपण बोलतोही : ‘भाडं द्यायचं, शिवाय डिपॉझिट वेगळं.’ पण तिथे यादीत भर पडत असते. इथे दुसरी गोष्ट पहिलीला आणखी बिकट करते आणि त्यासाठी बोलण्यात ‘त्यात’ येतं. ‘परिणामी’ला ‘मग’ पुरतं. त्याहून सहज सांधा म्हणजे आधीचंच क्रियापद पुन्हा घेणं : ‘पाणी आटतं. आटलं की मीठ मागे राहतं.’ घरात कोणी गोष्ट सांगत असेल तर नीट ऐका, निम्मे सांधे असेच असतात. ऐकणाऱ्याला मागे वळून वाचता येत नाही, म्हणून शेवटचा शब्द त्याच्या हातात पुन्हा द्यावा लागतो.

‘तथापि’ तर इथे चूकच आहे. क्षार वाढले आणि सरोवर गुलाबी झालं, यात विरोध कुठे आहे? खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळेच तो रंग आला होता. भारदस्त अव्ययाखाली अशी चूक लपते, मोठ्याने वाचलं की उघडी पडते.

आता असं वाचून बघा : ‘लोणारचं पाणी खारट. त्यात, आलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. उन्हाळ्यात ते आटतं. आटलं की मीठ मागे राहतं. २०२० च्या जूनमध्ये तर पाणी इतकं खारट झालं, की त्यात गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव फोफावले आणि अख्खं सरोवर गुलाबी दिसायला लागलं.’

यात ‘तर’ वाक्याच्या सुरुवातीला नाही, ‘जूनमध्ये’ला चिकटलाय. मराठी बोलण्यात जोडणारा शब्द पुष्कळदा असा आत शिरतो. ‘मात्र, गावकरी घाबरले नाहीत’ हे बातमीतलं वाक्य झालं. ‘गावकरी मात्र घाबरले नाहीत’ हे आपण सहज बोलतो. संहितेत अव्ययानंतर स्वल्पविराम दिसला, की ते अव्यय उचलून आत नेता येतं का ते आधी बघा.

आणि जिथे नुसतं थांबून काम होतं तिथे काहीच घालू नका. ‘तर मंडळी’, ‘म्हणजे कसं’ ही भरती सांधा होत नाही. ती काढून वाक्यं वाचा. अर्थ तसाच राहिला, तर तिथे निवेदकासाठी फक्त विरामाची खूण करा.