डेमोस म्हणजे सगळे लोक नव्हेत

प्रश्न : "‘डेमोक्रसी’तला डेमोस म्हणजे आपल्या लोकशाहीतले लोकच ना? अथेन्समध्ये सगळे लोक एकत्र जमून थेट मत देत असत, असे वाचले आहे. मग ‘प्राचीन अथेन्सच्या जनतेने निर्णय घेतला’ असे लिहिणे बरोबर ठरेल का?"

नाही, बरोबर ठरणार नाही. ‘अथेन्सची जनता’ हा शब्दप्रयोग पाठ्यपुस्तकी लेखनात सर्रास आढळतो आणि प्रत्येक वेळी तो वाचकाची दिशाभूल करतो. ‘सामान्य लोक’ हा डेमोसचा अर्थ कोणत्याही कोशात सापडतो, म्हणून तो सोडून मुळाकडे जाऊ. ग्रीकच्या डोरिक बोलीत हा शब्द ‘दामोस’ असा आहे आणि ग्रीसमधल्या पायलॉसच्या, त्याहून जुन्या मायसीनियन काळातल्या मातीच्या पाट्यांवर ‘दा-मो’ म्हणजे जमिनीचा ताबा असणारा गावसमूह. या दीर्घ ‘दा’मुळेच लॅटिन ‘डोमुस’ आणि संस्कृत ‘दम’ (घर) यांच्याशी नाते लावणाऱ्यांचे म्हणणे टिकत नाही, कारण तिथला स्वर मुळातच ऱ्हस्व आहे. ज्या धातूपासून ग्रीकमध्ये ‘दाइओमाइ’ (मी वाटणी करतो) आणि वैदिक भाषेत ‘दयते’ (वाटून देतो) आले, त्याच धातूचा हा शब्द आहे. म्हणजे आधी वाटणीची जमीन आणि मग तिच्यावर राहणारी माणसे. आपले जुने भाष्यकार ‘दाय’, म्हणजे वारशाचा वाटा, हा शब्द देण्याच्या ‘दा’पासून काढतात, पण मला तोही वाटणीच्याच धातूचा वाटतो. तसे धरले, तर डेमोसला सर्वांत जवळचा शब्द ‘लोक’ नसून ‘दायाद’, म्हणजे वाटेकरी, हा आहे. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या इ.स.पू. 451 च्या कायद्याची भाषाही हेच सांगते : आई आणि वडील दोघेही नागरिक असल्याशिवाय कोणालाही नगरात ‘वाटा’ नाही.

हा वाटा मिळत असे तो ‘डीम’मध्ये, म्हणजे गावात किंवा वस्तीत, ग्रीकमध्ये त्यालाही डेमोस हाच शब्द आहे. अथेन्सचा सुधारक क्लेइस्थेनीस याने इ.स.पू. 508 च्या सुमारास अशा वस्त्यांना राज्यरचनेचा पाया केले आणि त्यांची संख्या पुढे 139 होती. मुलगा अठरा वर्षांचा झाला की डीमचे सभासद शपथ घेऊन त्याचे वय आणि जन्म तपासत व त्याच्या नोंदणीवर मतदान करत. या पटावर नाव असेल, तरच प्निक्स टेकडीवरच्या एक्लेसियात, म्हणजे नगरसभेत, हात वर करता येत असे. इ.स.पू. चौथ्या शतकात ही सभा वर्षातून सुमारे चाळीस वेळा भरे, चिठ्ठीने निवडलेले 500 जणांचे मंडळ तिची विषयपत्रिका ठरवी आणि काही निर्णयांना 6000 जणांची उपस्थिती आवश्यक असे.

पट इतका निर्णायक असल्यामुळे गैरप्रकारही तिथेच होत. इ.स.पू. 346–345 मध्ये सर्व पट फेरतपासण्याचा ठराव झाला, तेव्हा हलिमूस डीममधल्या युक्सिथिओसचे नाव कमी करण्यात आले. प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनीस याने त्याच्यासाठी लिहिलेल्या न्यायालयीन भाषणात त्या दिवसाचा तपशील आहे. अंधार पडेपर्यंत त्याचे नाव पुकारलेच नाही, दूरवर राहणारे बहुतेक सभासद तोवर घरी गेले आणि जेमतेम तीस जण उरले, तरी मोजणीत साठाहून जास्त मते निघाली. प्रतिस्पर्धी युब्युलिडीसने आपल्या माणसांना दोन-दोन, तीन-तीन मते वाटल्याचा आरोप युक्सिथिओस करतो. त्याच्याविरुद्धचे मुद्दे असे होते, की वडील परक्या ढबीने बोलत आणि आई बाजारात फिती विकत असे व तिने दूधआईचेही काम केले होते. उत्तरादाखल तो सांगतो, की वडील युद्धात पकडले जाऊन दूर देशी विकले गेले होते आणि आईने हे कष्ट गरिबीपायी उपसले. अपील हरल्यास शिक्षा गुलाम म्हणून विकले जाण्याची होती.

या खटल्यातच वगळलेले सगळे दिसतात. आईला स्वतःचे मत नव्हते, तरी तिचे नागरिकत्व सिद्ध झाल्याशिवाय मुलाला मत मिळत नसे आणि त्यासाठी तिच्या माहेरच्या नातलगांना साक्षीला उभे राहावे लागले. अथेन्समध्ये स्थायिक झालेला परदेशी, म्हणजे मेटिक, वर्षाला 12 द्राख्मा कर भरी आणि सैन्यातही जाई, पण पिढ्यानुपिढ्या तिथे राहूनही पटावर येत नसे. गुलामांचा तर वाट्याशी काहीच संबंध नव्हता आणि मुक्त झालेला गुलामही नागरिक न होता मेटिकच होई.

तेव्हा तुमच्या वाक्यात ‘अथेन्सच्या नागरिक पुरुषांच्या सभेने निर्णय घेतला’ असे लिहा.